काडेपेटीच्या काड्यांपासून ३n + १ पर्यंत

आकृतिबंधाची कृतिपत्रिका पहिल्यांदाच तयार करत असाल, तर एकाला एक चिकटलेल्या चौरसांची रांग घ्या. पहिल्या आकृतीत एक चौरस, दुसरीत दोन, तिसरीत तीन. शेजारच्या चौरसांमधली काडी दोघांत सामाईक असते, म्हणून काड्या लागतात ४, ७, १०. सगळी मेख या सामाईक काडीत आहे.

बऱ्याच कृतिपत्रिकांत यानंतर दहाव्या आकृतीपर्यंतचा तक्ता भरायला देतात. मी तो टाळते. तक्ता समोर आला की मुलं काड्यांकडे बघतच नाहीत, खालच्या ओळीत तीन-तीन मिळवत सुटतात. मग नियम विचारला की उत्तर येतं n + ३. मुलांचं निरीक्षण बरोबर असतं, पण ते एका आकृतीवरून पुढच्या आकृतीवर जाण्याबद्दलचं असतं. आपल्याला हवा आहे आकृतीचा क्रमांक आणि काड्या यांच्यातला संबंध.

म्हणून चौथी आकृती काड्यांनी रचून घ्यायची आणि लगेच दहावीवर उडी मारायची. ती रचायची नाही, फक्त काड्या किती लागतील ते सांगायचं. सोबत एक सूचना: ‘तुम्ही कसं मोजलंत ते चौथ्या आकृतीवर दोन रंगांनी दाखवा.’ माझ्या मते अख्ख्या पानावरची ही सर्वांत मोलाची ओळ आहे, तिच्यासाठी भरपूर जागा सोडा.

कोणी डावीकडची एकच उभी काडी लाल करतं आणि पुढे तीन-तीनचे गट निळे: १ + ३ × १०. कोणी वरच्या १०, खालच्या १० आणि उभ्या ११ मोजतं. कोणी दहा सुटे चौरस धरून ४० काढतं आणि सामाईक ९ वजा करतं. तिन्ही वाटांनी ३१. बेरीज करून ३१ लिहिण्याआधीची मांडणी तशीच ठेवायला सांगा, कारण पुढच्या प्रश्नात फक्त दहाच्या जागी शंभर येतो: १ + ३ × १००. त्यानंतर ‘कितव्याही आकृतीसाठी शब्दांत सांगा’, आणि अगदी शेवटी n. अक्षर आधी आणलं की मुलं ते नुसतं उतरवून घेतात.

विसावी आकृती मुद्दाम विचारा. ६२ उत्तर आलं तर मुलाने दहावीची दुप्पट केली आहे, म्हणजे सुरुवातीची काडी दोनदा मोजली आहे. खोडून ६१ लिहू नका. दहा-दहा चौरसांच्या दोन रांगा जोडून दाखवा, सांध्यावर एक काडी जास्त झालेली मुलाला स्वतःलाच दिसते.

n + n + (n + १), ४n − (n − १) आणि १ + ३n हे एकच आहेत का, हा प्रश्न वर्गात फळ्यावर घ्या, पानावर नको. तिथे चर्चा लांबते आणि लांबू द्यावी.

शेवटचा प्रश्न उलटा ठेवते: ५० काड्यांत जास्तीत जास्त किती चौरसांची रांग होईल? एक काडी बाजूला काढली की ४९ उरतात, तिनाने भागल्यावर १६ चौरस होतात आणि एक काडी शिल्लक राहते. सूत्र नुसतं पाठ केलेली मुलं इथे अडखळतात.