काचेचं रेलिंग बसवताना या चुका टाळा

रेलिंगची काच फुटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एमएमची होती?" काचेच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मी आधी बोल्ट बघतो.

एका घरच्या बाल्कनीला १२ एमएमची सिंगल टफन्ड काच लावली होती, स्लॅबच्या दर्शनी कडेला चार स्टँडऑफ बोल्टवर, म्हणजे काच चकत्यांमध्ये पकडून स्लॅबपासून थोडी पुढे धरणाऱ्या बोल्टवर. तीन महिन्यांनी भर दुपारी ती एकदम फुटून खाली गेली. कोणी हात लावला नव्हता, आणि सुदैवाने खाली कोणी नव्हतं. सगळे म्हणाले, उन्हाने फुटली. पण चांगली टफन्ड काच तापमानातला सुमारे २०० अंशांचा फरक सोसते, नुसत्या उन्हाने ती जात नाही.

बोल्ट अजून स्लॅबवरच होते. तिघांवर काचेच्या भोकात बसणारी नायलॉनची नळी, म्हणजे बुश, शाबूत होतं, चौथ्यावर नव्हतंच. त्याच्या आट्यांमध्ये काचेची पांढरी पूड अडकली होती. ओळंबा लावला तर त्याच जागी स्लॅबची कड ४ एमएम आत गेलेली. म्हणजे तीन बोल्ट बसल्यावर चौथ्याची चकती काचेला टेकत नव्हती, आणि फिटरने पाना फिरवून काचच आत ओढून घेतली होती. टफन्ड काचेची वरची कातडी दाबाखाली असते आणि पोट ताणाखाली. वाऱ्याने काच हलत राहते, भोकाची कड लोखंडावर घासते, आणि ती चीर पोटातल्या ताणापर्यंत पोचली की अख्खी काच एका क्षणात खडीसारखी होते.

म्हणून काच चढवण्याआधी चारही चकत्या एका सपाटीत आहेत का, ते दोरी किंवा सरळ पट्टी लावून बघा. जिथे फट दिसेल तिथे स्टँडऑफ पुढे घ्या किंवा मागे पॅकिंग भरा, बोल्ट आवळून फट मिटवू नका. काचेतलं भोक बोल्टपेक्षा मोठंच हवं, आत बुश आणि दोन्ही बाजूंना रबरी किंवा नायलॉनची वॉशर. बोल्ट आधी हाताने बसवायचा, मग पान्याने बेताचाच आवळायचा.

हे सगळं नीट केलं तरी टफन्ड काच आपोआप फुटू शकते. काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला असेल तर तो पुढे कधीतरी फुगतो. अशा वेळी तुकडे जागेवर राहिले असतील, तर फुटीच्या मुळाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शेजारीशेजारी दिसतात. कारखान्यात हीट सोक केलेली, म्हणजे मुद्दाम तापवून सदोष काचा तिथेच फुटू दिल्यावर उरलेली, काच घेतली की ही शक्यता पुष्कळ कमी होते, पण शून्य होत नाही. आणि १.२ बाय १.१ मीटरची १२ एमएम काच सुमारे ४० किलोची असते. फुटताना ती सुटे दाणे होऊनच पडेल असं नाही, दाण्यांचे ढेकळासारखे गठ्ठे खाली येतात.

त्यामुळे उंचावरच्या रेलिंगला सिंगल काच मी लावूच देत नाही, मग ती १५ एमएमची का असेना. जाडीने काच कमी वाकते, फुटल्यावर ती जागेवर धरून ठेवत नाही. दोन टफन्ड काचा मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पारदर्शक थर घालून चिकटवलेली लॅमिनेटेड काच घ्या, ६+६ किंवा ८+८, रचनेनुसार. एक थर फुटला तरी दुसरा उभा राहतो. दोन्ही फुटले तर मात्र ती ओल्या गोधडीसारखी लोळते, म्हणून वर सलग हँडरेल हवाच. या काचेच्या कडांना आम्लाचा वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते पीव्हीबी खराब करतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

बोल्टऐवजी काच खाली यू-चॅनलमध्ये, म्हणजे धातूच्या खोबणीत, उभी असेल तर खरी परीक्षा चॅनल स्लॅबला धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टची. काचेच्या वरच्या कडेला, म्हणजे मीटरभर उंचीवर, दर मीटरला ७५ किलोचा रेटा आला असं धरा. चॅनल ६० एमएम रुंद आणि अँकर मधोमध असेल तर अँकरला टेकू मिळतो जेमतेम ३० एमएमचा. हिशेब केला की चॅनलच्या दर मीटरमागे अँकरवर जवळजवळ अडीच टनांची ओढ येते. असा अँकर फरशीत आणि गिलाव्यात अडकवून चालणार नाही, तो काँक्रीटमध्ये खोल आणि कडेपासून पुरेसा आत हवा. चॅनलला पाणी निघायला भोकं ठेवा, नाहीतर साचलेलं पाणी लॅमिनेटेड काचेचा थर कडेपासून सोडवतं.

घरातल्या पार्टिशनला पलीकडे पडण्याची भीती नसते, तिथे १० किंवा १२ एमएमची सिंगल टफन्ड चालते. फक्त कड थेट फरशीवर टेकवू नका, खाली रबरी ठोकळे द्या. उभी करताना कोपरा टाइलवर आपटला की काच गेलीच. टफन्ड झाल्यावर काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, त्यामुळे माप फरशी बसल्यानंतरच घ्या.