फोटोतला टॅन जुळवताना या चुका टाळा

सुट्टीच्या फोटोत दंडावर बाहीची रेघ दिसली, की फोटोशॉप शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण रापलेला भाग उजळवायला घेतो. करायचं नेमकं उलट असतं. चेहरा, मान, हात सगळे सारखेच रापलेले असतात. वेगळा दिसतो तो कपड्याखाली झाकलेला तुकडा. तेवढाच गडद करा.

एका बाईंचा तारकर्लीचा फोटो आमच्याकडे आला होता. आधीचे दिवस टी-शर्ट, त्या संध्याकाळी बिनबाह्यांचा कुर्ता. त्यामुळे खांदे गोरे आणि अर्ध्या दंडापासून खाली सगळं सावळं. स्टुडिओतल्या नव्या मुलाने दोन्ही हात बोटांपर्यंत उजळवले. दंडावरच झूम करून बसल्यामुळे चेहरा त्याला दिसतच नव्हता. प्रिंट निघाली तेव्हा बाईंना दुसऱ्याच कुणाचे हात जोडल्यासारखे दिसत होते. मग त्याने चेहराही उजळवला आणि मावळतीचा सोनेरी उजेडच गेला.

आम्ही ते सगळं काढून पुन्हा केलं. कर्व्हज लेयर घेतला, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवला, मधला बिंदू खाली ओढला. मास्क काळा केला आणि मऊ ब्रशने, फ्लो १० टक्के ठेवून, फक्त खांद्यांवर पांढरा रंग फिरवला. उजेड जुळला तरी खांदे गुलाबीसर राहिले, कारण रापलेली कातडी नुसती गडद नसते, पिवळसरही असते. त्यासाठी वर रिकामा लेयर, मोड कलर, आणि शेजारच्या कातडीचा रंग उचलून हलका हात. उजेड आणि रंग मी कधीच एका लेयरवर उरकत नाही. घाई करणारे तिथेच फसतात.

उन्हाने लाल झालेल्या खांद्यांचं प्रकरण वेगळं. सगळ्या फोटोचा लाल रंग कमी केला तर ओठ आणि गाल मेल्यासारखे दिसतात. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये लाल निवडा आणि ह्यूचा स्लायडर मुद्दाम टोकाला न्या. निळसर होईल तेवढ्याच भागावर परिणाम होतोय, हे लगेच कळतं. रंगाची पट्टी अरुंद करत फक्त भाजलेला भाग निळसर उरेल असं बघा, मग ह्यू परत आणून जरासा पिवळ्याकडे ढकला, सॅच्युरेशन थोडं उतरवा. उरलेलं मास्कने झाका.

रेघेवर क्लोन स्टॅम्प फिरवू नका, रोमछिद्रं पुसली जातात.

ब्लर तर नकोच.

गडद केल्यावर पूर्वीच्या रेघेच्या जागी बारीक काळी किंवा पांढरी कड उरली, तर मास्कची कड रेघेपेक्षा जास्त मऊ किंवा जास्त कडक आहे. पट्ट्याची रेघ धारदार असते, बाहीची पसरट. ब्रशचा मऊपणा तसाच बदलावा लागतो. खांद्यावर ऊन पडून पूर्ण पांढरा झालेला ठिपका मात्र तसाच सोडा. तिथे कातडीचा तपशीलच उरलेला नसतो, गडद केलं की राखाडी डाग पडतो.