‘धूसर दिसतंय’ म्हणजे नेमकं काय? व्हीआर हेडसेट लावून देणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

जालन्यात स्टील रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवणाऱ्यांना व्हीआरवर सराव देणाऱ्या एका केंद्रात मी काम करते. क्रेनचं शिकवणारे उस्ताद वेगळे आहेत. माझं काम हेडसेट नीट लावून देण्याचं. या कामात नव्याने येणारी मुलं मेन्यू पटापट शिकतात, पण समोरचा माणूस ‘धूसर दिसतंय’ म्हणाला की हाताला येईल ते बटण फिरवायला लागतात. त्या एका वाक्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात आणि कोणतं आहे ते आधी विचारून ओळखता येतं, म्हणून हे लिहिते आहे.

विचारायचे प्रश्न दोनच. पहिला, ‘मान स्थिर ठेवली तरी धूसर आहे, की मान वळवल्यावरच?’ मान हलवल्यावर किंवा वस्तू सरकल्यावरच कडा दुहेरी होत असतील तर दोष रिफ्रेश रेटकडे, म्हणजे पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्याकडे आहे, लेन्सला हात लावू नका. मान स्थिर असतानाही धूसर असेल तर दुसरा प्रश्न: ‘एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. एकेका डोळ्याने स्वच्छ दिसतं का?’ एकेकट्या डोळ्याने अक्षर स्वच्छ आणि दोन्ही उघडले की ताण किंवा दोन-दोन, असं असेल तर दोन लेन्समधलं अंतर त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळलेलं नाही. एकेका डोळ्यानेही धूसर असेल तर हेडसेट वर-खाली बसलाय, लेन्स मळलीय किंवा चष्म्याचा प्रश्न आहे.

सुरुवात नेहमी बसवण्यापासून करा. आमच्याकडे मेटाचे क्वेस्ट २ हेडसेट आहेत. त्यांच्या फ्रेनेल लेन्सचा अगदी स्वच्छ भाग मधोमध आणि लहान असतो. हेडसेट गालाकडे थोडा घसरला तरी नजर त्या भागाबाहेर जाते. म्हणून पट्टे सैल करून आधी डोक्यामागचा भाग कवटीच्या खालच्या खोबणीत बसवायचा, मग समोर बारीक अक्षरांचा मेन्यू ठेवून हेडसेट हाताने सावकाश वर-खाली सरकवायला सांगायचं. ‘आता स्वच्छ’ म्हणाले की तिथेच धरून ठेवायला सांगा आणि वरचा पट्टा आवळा. वजन वरच्या पट्ट्याने पेलायचं असतं. बाजूचे पट्टे गच्च आवळले तर गाल दुखतात, आणि दहा मिनिटांत घामाने हेडसेट पुन्हा खाली येतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर हमखास. केसांना तेल असेल तर लेन्सला बोट लागू देऊ नका. लागलंच तर कोरडं मायक्रोफायबर कापड गोल फिरवून पुसा, स्पिरिट अजिबात नको. आणि हेडसेट काढून ठेवताना लेन्स खिडकीतल्या उन्हाकडे नसाव्यात. त्या भिंगासारखं ऊन एकवटतात आणि आतल्या पडद्यावर कायमचा डाग पाडतात.

बहुतेक हेडसेटमध्ये कॅमेऱ्यासारखी फोकसची चकती नसतेच, हे नव्यांना पटकन पटत नाही. एचटीसी व्हाइव्ह एक्सआर एलिटसारख्या काही हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याचा नंबर फिरवून लावता येतो, पण क्वेस्टमध्ये फोकस ठरलेला आहे. पडदा डोळ्यापासून काही सेंटीमीटरवर असला तरी लेन्समुळे डोळ्याला तो मीटर-दीड मीटर लांब असल्यासारखा बघावा लागतो. त्यामुळे ज्याला लांबचं दिसत नाही त्याला आतही दिसत नाही. उणे ३ नंबरच्या माणसाला साधारण ३३ सेंटीमीटरपलीकडचं धूसर दिसतं, म्हणून त्याने हेडसेटमध्येही चष्मा लावायलाच हवा. ‘पडदा तर जवळच आहे’ म्हणून तो चष्मा काढून ठेवतो, तेव्हा त्याला थांबवा. चष्मा लावायचा असेल तर आधी स्पेसर, म्हणजे चष्म्यासाठी जागा करणारी चौकट, घाला, नाहीतर चष्म्याची काच लेन्सवर घासून चरे पडतात, आणि ते चरे पुढच्या प्रत्येकाला दिसतात.

आता डोळ्यांमधलं अंतर, म्हणजे आयपीडी. दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं हे अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं, पण सरासरीवर कोणालाही बसवू नका, मोजा. मिलीमीटरची साधी पट्टी पुरते. समोरच्याच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर, डोळे एका पातळीत येतील असे बसा. पट्टी त्याच्या कपाळाखाली, नाकाच्या वरच्या बाजूला आडवी धरा. तुमचा उजवा डोळा मिटा आणि त्याला तुमच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा. पट्टीचं शून्य त्याच्या उजव्या डोळ्यावर लावा. मग पट्टी न हलवता तुमचा डावा डोळा मिटून उजवा उघडा, त्याला आता त्या डोळ्याकडे बघायला सांगा आणि त्याच्या डाव्या डोळ्यावरचा आकडा वाचा. डोळे असे आलटून-पालटून वापरल्याने त्याची नजर प्रत्येक वेळी सरळ राहते. तो नुसता तुमच्या नाकाकडे बघत बसला तर डोळे आत वळतात आणि आकडा दोन-तीन मिमीने कमी येतो.

एक गोष्ट आपल्या डोळ्यांसाठी खास सांगते. बुबुळ गडद असलं की आतली काळी बाहुली वेगळी ओळखू येत नाही आणि मध्य कुठे धरायचा ते कळत नाही. मध्य शोधूच नका. बुबुळाची पांढऱ्या भागाला लागणारी कडा ठळक दिसते, ती धरा. तुमच्या बाजूने बघताना दोन्ही बुबुळांची डावीकडचीच कडा घेतली की अंतर तेवढंच येतं. एकाची डावी आणि दुसऱ्याची उजवी अशी गल्लत झाली तर बुबुळाच्या रुंदीएवढी, म्हणजे एक सेंटीमीटरहून जास्त चूक होते. आकडा ७५ किंवा ५१ असा आला तर आधी हीच शंका घ्या.

क्वेस्ट २ मध्ये लेन्सच्या तीनच जागा आहेत: १ म्हणजे ५८ मिमी, २ म्हणजे ६३, ३ म्हणजे ६८. दोन्ही लेन्सच्या कडा धरून सरकवल्या की खटका लागतो आणि मधल्या फटीत आकडा दिसतो. लेन्स दोन खटक्यांच्या मध्ये अडकून राहिली नाही ना, हे बघा. क्वेस्ट ३ मध्ये खाली चाक आहे आणि ते फिरवताना आत मिमीचा आकडा दिसतो, त्यामुळे मोजलेला आकडा जवळपास तसाच लावता येतो. क्वेस्ट २ वर ६१ किंवा ६६ असा मधला आकडा आला तर दोन्ही जागा लावून त्या माणसालाच ठरवू द्या. मेन्यूतल्या अक्षरांवर एकेक मिनिट नजर ठेवायला सांगा. लगेच कोणतं छान वाटतं यापेक्षा मिनिटभराने कपाळ कुठे जड होत नाही, ते खरं.

हे सगळं एकाच माणसात एकत्र आलेलं उदाहरण सांगते. अंबडकडचे एक ऑपरेटर, पन्नाशीचे, बायफोकल चष्मा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. हेडसेट लावल्यावर म्हणाले, “ताई, हूक दोन दिसायलेत बगा. अन् खाली बगितलं की सगळंच पुसट.”

मान स्थिर, एक डोळा मिटला तर हूक एकच आणि स्वच्छ, म्हणजे आयपीडी. आधीच्या मुलीसाठी लेन्स १ वर होती, मामांचं अंतर ६७ आलं. ३ वर सरकवल्यावर दुसरा हूक गेला. पण खाली बघितल्यावरचं पुसट तसंच होतं. क्रेनची केबिन उंचावर, भार खाली, त्यामुळे ऑपरेटरची नजर सतत खाली. बायफोकलमध्ये खालचा भाग जवळच्या वाचनाचा असतो आणि हेडसेटमधलं चित्र तर मीटरभर लांब. मामांना डोळे न झुकवता मान झुकवायला सांगितली, तेव्हा भार स्वच्छ दिसला. पुढच्या वेळी ते फक्त लांबच्या नंबरचा जुना चष्मा घेऊन आले. पन्नाशीतल्या माणसाला या अंतरावर तो बहुधा पुरतो, आणि मिलमध्ये तीच मान झुकवायची सवय त्यांना लागायला नको, म्हणून मला तो उपाय जास्त बरा वाटतो.

मामांची तिसरी तक्रार सरावात क्रेनची ट्रॉली चालू केल्यावर आली. सरकताना वायर रोपच्या कडा दुहेरी व्हायच्या आणि थांबली की एक. हा रिफ्रेश रेटचा प्रश्न. आमचा सराव पीसीवरून केबलने चालतो आणि पीसीच्या अ‍ॅपमध्ये हेडसेटच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ९० हर्ट्झ निवडलेलं होतं. ९० हर्ट्झला प्रत्येक चित्र ११.१ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं. शेडमधला धूर आणि सावल्या काढताना आमच्या ग्राफिक्स कार्डला तेवढ्यात जमत नव्हतं. अशा वेळी पीसी निम्मी, म्हणजे ४५ चित्रं काढतो आणि मधली अंदाजाने भरतो. मान वळवण्यापुरता हा अंदाज चांगला असतो, पण दोरासारखी बारीक सरकती वस्तू त्यात फाटते.

खात्री करायला Oculus Debug Tool उघडून Visible HUD मध्ये Performance निवडा. ट्रॉली फिरवताना Performance Headroom, म्हणजे कार्डाकडे उरलेली सवड, उणे जात असेल तर कार्ड कमी पडतंय. आम्ही ७२ हर्ट्झ केलं. आता एका चित्राला १३.९ मिलिसेकंद मिळतात, हेडरूम शून्याच्या वर राहिलं आणि दोर एकच दिसला. १२० चा पर्यायही तिथे आहे, त्यात फक्त ८.३ मिलिसेकंद मिळतात. मोठा आकडा बघून तो लावायचा मोह आवरा. न चुकता भरलेलं ७२ हे अर्ध्यावर अडखळणाऱ्या ९० पेक्षा डोळ्यांना नक्की बरं. कार्डला खरंच झेपत असेल तर मात्र ९० घ्या. ७२ वर उजळ आभाळाकडे बघताना काहींना हलकी थरथर जाणवते, आणि तसं कोणी सांगितलं तर त्याला खोटं पाडू नका.

याच ठिकाणी नवी मुलं एक गल्लत करतात. हेडसेटच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी असा पर्याय दिसतो, त्यात ५० आणि ६० हर्ट्झ. त्याचा चित्राशी संबंध नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि हेडसेटच्या कॅमेऱ्यांना त्याचा त्रास होतो. तिथे ५० ठेवा किंवा ऑटो. ट्यूबलाइटखाली कंट्रोलर थरथरत असतील तर ही जागा तपासायची.

एवढं करूनही एक तक्रार उरते, आणि ती कोणत्याही सेटिंगने जात नाही. केबिनमधली बटणं सरावात डोळ्यांपासून वीतभर अंतरावर येतात तेव्हा दोन्ही डोळे जवळ बघायला आत वळतात, पण फोकस त्या मीटर-दीड मीटरवरच ठेवावा लागतो. शरीराला ही ओढाताण सहन होत नाही, डोळे दुखतात. मामांचा आयपीडी, चष्मा आणि रेट बरोबर असूनही पॅनेलकडे बघताना ते डोळे चोळायचे. मी त्यासाठी लेन्स पुन्हा हलवली नाही. सराव बनवणाऱ्या मुलाला पॅनेल आभासी जागेत हातभर लांब सरकवायला सांगितलं, आणि सराव वीस मिनिटांवर थांबवून हेडसेट काढायला लावते. प्रत्येक ऑपरेटरच्या कार्डावर आता मोजलेलं अंतर, लेन्सची जागा आणि कोणता चष्मा एवढं लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मामा आले की कार्ड बघून लेन्स ३ वर, आणि मग फक्त वर-खाली सरकवणं बाकी.