थकबाकीदार दुकानदाराची उधारी बंद करून आगाऊ पैशांवर माल कसा सुरू करावा

"अजून थोडं सांभाळून घ्या, गिऱ्हाईक तुटेल" आणि "माल एकदम बंद करा, पैसे आपोआप येतील" हे दोन सल्ले बाजारात सर्रास मिळतात आणि दोन्हींमुळे पैसे बुडतात. पहिल्याने येणं वाढत जातं. दुसऱ्याने दुकानदार शेजारच्या पेढीकडून रोखीने माल घ्यायला लागतो आणि तुमची बाकी त्याच्या यादीत शेवटी जाते. त्याला माल देत राहायचं, पण उधार नाही, हेच खरं काम आहे.

इथे किराणा-भुसार घाऊक व्यापाराचा एक हिशेब धरू. दुकानदार आठवड्याला २४,००० रुपयांचा माल घेतो. ठरलेली मुदत २१ दिवसांची होती, पण सर्वात जुनं बिल पाच महिन्यांचं झालं आहे आणि थकबाकी १,८०,००० रुपये आहे.

१. आधी बाकी सही करून घ्या

उधारी बंद झाल्याचं सांगण्याआधी बिलवार खातेउतारा काढा आणि त्यावर दुकानदाराची तारखेसह सही व शिक्का घ्या. एकदा उधारी बंद झाली की प्रत्येक बिलावर वाद निघतात: तेलाचे दोन डबे गळके होते, साखरेचं एक पोतं परत दिलं होतं, सेल्समनला रोख दिले होते. खरे वाद असतील ते याच बैठकीत मिटवा, क्रेडिट नोट द्या आणि उरलेल्या आकड्यावर सही घ्या.

या सहीचा कायदेशीर उपयोगही आहे. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी मान्य केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. मुदत उलटल्यावर घेतलेल्या सहीचा असा उपयोग होत नाही.

२. पत्र द्या, तोंडी बोलू नका

पत्र चार ओळींचं असावं आणि निर्णय घेणाऱ्याने स्वतः दुकानात जाऊन द्यावं. सेल्समनच्या हाती पाठवलं की तो ते मऊ करून सांगतो. मजकूर साधारण असा:

"आपल्या खात्यावर आजअखेर रु. १,८०,००० येणे बाकी आहे. सोमवारपासून आपल्याला माल आगाऊ रक्कम बँकेत जमा झाल्यावर पाठवू. जुनी बाकी दर आठवड्याला रु. ३,००० प्रमाणे वेगळी भरायची आहे. मालासाठी भरलेली रक्कम जुन्या बाकीत वळती करणार नाही."

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. कारण पुढच्या पायरीत येईल.

३. जुना पैसा आणि नवा पैसा वेगळा ठेवा

बहुतेक पेढ्या इथेच घसरतात, आणि ते दोन बाजूंनी होतं.

पहिली बाजू अशी. दुकानदार २०,००० रुपये घेऊन येतो आणि म्हणतो, "शेठ, जुन्यात जमा करा, आणि आजची गाडी तेवढी सोडा." रोख समोर दिसते, मन वितळतं, २४,००० चा माल जातो. बाकी १,८४,००० होते. असं चार वेळा झालं की ती १,९६,००० वर जाते. त्याहून वाईट गोष्ट कागदावर घडते. आलेली रक्कम सर्वात जुन्या बिलांना लागत गेल्याने ती बिलं खात्यातून निघून जातात. मग थकबाकीच्या वयाचा तक्ता पाहिला तर खातं सुधारल्यासारखं दिसतं. जुनी बिलं फिटली असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांची जागा नव्या उधारीने घेतलेली असते. म्हणून असं खातं वयावरून कधीच तपासू नका. दर शनिवारी एकूण आकडा मागच्या शनिवारपेक्षा कमी झाला का, एवढंच बघा.

दुसरी बाजू व्यापाऱ्याच्या लोभाची. दुकानदार मालासाठी १२,००० पाठवतो आणि पेढीवरून फोन जातो, "ते जुन्यात घेतले, मालाचे वेगळे पाठवा." असं एकदाही करू नका. त्या दिवसानंतर तो तुमच्याकडे एक रुपयाही आगाऊ टाकणार नाही, आणि १,८०,००० वसूल करायचा चालता रस्ता तुम्हीच बंद केलेला असेल. कायदाही यात तुमच्या बाजूने नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ५९ नुसार देणेकऱ्याने रक्कम कशासाठी आहे ते सांगून दिली आणि तुम्ही ती स्वीकारली, तर ती त्याच कामी लावावी लागते. त्याने काहीच सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तरच कलम ६० प्रमाणे कुठे जमा करायची ते तुम्ही ठरवू शकता. म्हणून यूपीआय करताना "ऑर्डर" किंवा "जुनी बाकी" असा शेरा टाकायला त्याला पहिल्या दिवसापासून सांगा.

हिशेबात हे नेमकं उतरलं पाहिजे. टॅलीत जमा नोंदवताना मालाची रक्कम `Advance` म्हणून घ्या, हप्त्याची रक्कम `Agst Ref` निवडून त्या त्या जुन्या बिलावर लावा. `On Account` वर काहीही सोडू नका. तिथे पडलेली रक्कम महिन्याने कोणाची होती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि भांडण तिथूनच उठतं.

मालाच्या आगाऊ रकमेतून काही उरलं, म्हणजे तूरडाळीची दोन पोती शिल्लक नसल्याने गेली नाहीत, तर उरलेली रक्कम त्याच दिवशी संदेशाने कळवा आणि पुढच्या ऑर्डरला धरा. ती गुपचूप जुन्या बाकीत ढकलण्याचा मोह इथेही होतो. विश्वास रकमेच्या मोठेपणावर तुटत नाही. ३०० रुपयांनीही तुटतो.

४. हप्ता त्याच्या गल्ल्यातून ठरवा

"महिन्याला पन्नास हजार टाका" असं दरडावून सांगितलेला हप्ता दुसऱ्या महिन्यात मोडतो. दुकानाची महिन्याची विक्री चार लाख आणि सरासरी नफा दहा टक्के धरला तर हाती ४०,००० येतात. भाडं, वीज, पोऱ्याचा पगार आणि घरखर्च मिळून २५,००० गेले तर १५,००० उरतात. त्यातून आठवड्याला ३,००० निघू शकतात, त्याहून जास्त नाही. या दराने बाकी ६० आठवड्यांत फिटते. हा काळ लांब वाटतो, पण मोडलेल्या मोठ्या हप्त्यापेक्षा चालणारा लहान हप्ता बरा. मधे सहीचा खातेउतारा दर सहा महिन्यांनी नव्याने घेत राहा.

दुसरी अडचण भांडवलाची असते. आजवर त्याचा माल तुमच्या २१ दिवसांच्या उधारीवर फिरत होता. एकदम २४,००० आगाऊ काढायला त्याच्याकडे पैसे नसतात, आणि "हा टाळतोय" असा अर्थ आपण काढतो. ऑर्डर तोडून द्या: आठवड्यातून दोनदा १२,००० चा माल. साखर, तेल, डाळ, तांदूळ यांचा पैसा चार दिवसांत गल्ल्यात परत येतो आणि त्यातूनच पुढची आगाऊ रक्कम उभी राहते. मसाले, सुकामेवा आणि सावकाश खपणारा माल सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याच्या ऑर्डरमधून कमी करायला सांगा.

रोखीचा वटावही द्या. तुमच्या उधारीच्या भावात तीन आठवड्यांचं व्याज धरलेलं असतं, ते आता तुम्हाला लागत नाही. बिलावरच एक टक्का वटाव दाखवला तर तो शेजारच्या पेढीकडे भाव विचारायला जात नाही.

५. पैसे खात्यात, मग गाडी

चेक म्हणजे आगाऊ रक्कम नव्हे. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजेही नव्हे. तुमच्या बँकेच्या खात्यात जमा दिसली की गोदामात चिठ्ठी जाईल, त्याआधी नाही. तेल-साखरेचा भाव रोज हलतो, म्हणून प्रोफॉर्मा बिलावर "भाव आज संध्याकाळपर्यंत" असं लिहा. मालासाठी मिळालेल्या आगाऊ रकमेवर जीएसटी त्या वेळी भरावा लागत नाही, नोव्हेंबर २०१७ पासून तो बिल काढतानाच लागतो. पावती मात्र लगेच द्या.

गळती इथून होते: सेल्समन लक्ष्यासाठी शेजारच्या दुकानाच्या नावावर माल काढतो, नाहीतर दुकानदार भावाच्या नावाने नवं खातं उघडायला येतो. म्हणून पोच देण्याचा पत्ता जुळवून बघा. चालकाला स्पष्ट सांगा की बिलाबाहेरचा एक डबाही उतरवायचा नाही.

६. चेक घ्यायचेच तर हप्त्याचे घ्या

पूर्ण १,८०,००० चा एकच तारण चेक घेऊन ठेवण्याची पद्धत आहे. ती सोडा. चेक दिल्यानंतर हप्ते येत गेले आणि तरीही तुम्ही पूर्ण रकमेचा चेक तसाच वटवायला टाकला, तर चेक न वटल्याबद्दलचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा खटला टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. चेकवरची रक्कम त्या दिवशी खरोखर येणं असावी लागते. म्हणून प्रत्येक हप्त्याचे वेगवेगळ्या तारखांचे चेक घ्या आणि हप्ता आला की तो चेक परत करा.

चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार.

"उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांचा कायदा लावा" हा सल्लाही ऐकू नका. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये नोंदणी खुली झाली ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकलेल्या पैशांच्या तरतुदीवर विसंबून राहू नका. त्याऐवजी जीएसटीचा मुद्दा पुढे करा: दुकानदार नियमित करदाता असेल आणि बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तर त्या बिलाचं इनपुट क्रेडिट त्याला व्याजासह उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते परत घेता येतं. त्याच्या कर सल्लागाराला एक फोन केला तर हे त्याला चटकन पटतं. कंपोझिशनवाल्या दुकानदाराला इनपुट क्रेडिटच नसतं, त्याच्यापुढे हा मुद्दा काढू नका.

७. हप्ता चुकला तर

एक हप्ता चुकला म्हणून आगाऊ पैशांचा माल थांबवू नका. त्या मालात तुमची जोखीम शून्य आहे आणि तो येत राहतो तोवर त्याच्याशी बोलणं चालू राहतं. सलग दोन चुकले तर त्या हप्त्यांचे चेक बँकेत टाका, आणि ते टाकण्याआधी दोन दिवस कळवा. दसरा-दिवाळीच्या हंगामात तो "एवढ्या एका गाडीची उधारी" नक्की मागेल. तेव्हा हप्ता दोन आठवडे पुढे ढकलून द्या, पण माल उधार देऊ नका. बाकी पूर्ण फिटल्यावर उधारी पुन्हा सुरू करायचीच असेल तर एका आठवड्याच्या ऑर्डरएवढी आणि सात दिवसांची, त्याहून जास्त नाही.