तोंडी परीक्षेच्या ध्वनिमुद्रणाचे टिपण : ऐकण्याआधीची आणि ऐकतानाची तयारी

एम.एस्सी. कृषीच्या अंतिम तोंडी परीक्षेपूर्वी विभागात सराव म्हणून एक व्हायवा घेतला जातो आणि अलीकडे तो फोनवर ध्वनिमुद्रितही होतो. पुढे मात्र ते ध्वनिमुद्रण कोणी ऐकत नाही, कारण अडतीस मिनिटे पुन्हा ऐकायला वेळ नसतो आणि ऐकले तरी त्यातून नेमके काय काढायचे हे ठरलेले नसते. विद्यार्थ्याच्या हाती शेवटी ‘ठीक झाला, स्टॅट जरा पाहा’ एवढाच शेरा पडतो. कोणते प्रश्न विचारले गेले, कोणते उत्तर किती बरे होते आणि कोणती उणीव दिसली, हे एका पानावर यावे यासाठी काय काय जवळ ठेवावे आणि काय टाळावे, ते परभणीकडच्या मृदाशास्त्राच्या एका विद्यार्थिनीच्या सराव व्हायवाच्या आधारे येथे लिहीत आहे. तिचा विषय सोयाबीनला दिलेल्या स्फुरदाच्या मात्रांचा होता. प्रयोगात सात उपचार आणि तीन पुनरावृत्त्या होत्या आणि मांडणी आरबीडी, म्हणजे यादृच्छिक गट रचनेची होती.

पहिली तयारी व्हायवा सुरू होण्याआधीची आहे. विद्यार्थिनीची आणि परीक्षकांची ध्वनिमुद्रणाला संमती आहे ना, हे बोलून विचारावे आणि ते बोलणेही मुद्रणाच्या सुरुवातीला येऊ द्यावे. फोन परीक्षकांसमोर न ठेवता विद्यार्थिनीच्या बाजूला ठेवावा, कारण परीक्षकांचा आवाज खणखणीत असतो आणि अडखळणारे उत्तरच हळू येते. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणे आपल्याकडे शक्य नसते. तेव्हा फोन कूलरच्या झोतापासून दूर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवला तरी बराच फरक पडतो. टिपण करणाऱ्याने प्रबंधाची तीच प्रत जवळ ठेवावी जी परीक्षकांसमोर होती, नाहीतर ‘टेबल चार’ म्हणजे नेमके कोणते टेबल हे नंतर कळत नाही.

ऐकायला बसल्यावर पहिल्या खेपेस गुणवत्ता ठरवू नये. फक्त प्रश्न सुरू झाला की वेळ लिहावी आणि प्रश्नाचे तीन-चार शब्द लिहावेत. या व्हायवात पहिल्या खेपेस परीक्षकांची प्रश्नार्थक वाक्ये एक्केचाळीस भरली, परंतु प्रश्न तेवढे नव्हते. ज्या वाक्याने नव्या माहितीची मागणी होते तोच नवा प्रश्न धरावा. तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला तर तो पहिल्यातच मिळवावा. आणि उत्तराकडे ढकलणारे वाक्य असेल तर त्याला ‘इशारा’ म्हणून वेगळी खूण करावी. या हिशेबाने एक्केचाळीस वाक्यांचे बावीस प्रश्न झाले. ही गाळणी नीट झाली नाही तर पुढची सगळी मोजणी चुकते, कारण तीन इशारे मिळालेला एक प्रश्न कागदावर चार प्रश्नांसारखा दिसतो आणि विद्यार्थिनी चारदा अडखळली असा समज होतो.

अकराव्या मिनिटाच्या पुढचा संवाद मी शब्दशः उतरवून घेतला, कारण गाळणी म्हणजे काय ते त्यात दिसते. परीक्षक विचारतात, “उपलब्ध स्फुरदासाठी ओल्सेनच का? ब्रे का नाही घेतली?” ती सांगते, “सर, आपल्या लॅबमध्ये तीच पद्धत आहे.” परीक्षक म्हणतात, “लॅबचं राहू द्या, जमीन कशी आहे ते सांगा.” “भारी काळी, सर. सामू आठ पॉइंट एक.” “मग त्यात आम्लाचं द्रावण घातलं तर काय होईल?” त्यानंतर नऊ सेकंद शांतता आहे. परीक्षक “बरं, टेबल चार काढा” म्हणतात आणि त्याच क्षणी, त्यांच्या आवाजाखाली, तिचे वाक्य ऐकू येते : “चुनखडीच खाऊन टाकती की त्या आम्लाला.”

हे उत्तर बरोबर आहे. ओल्सेन पद्धतीत ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटचे, सामू ८.५ असलेले द्रावण वापरतात. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे द्रावणातले कॅल्शियम खाली बसते आणि कॅल्शियमशी बांधलेला स्फुरद सुटा होतो. म्हणून चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीला ही पद्धत जुळते. ब्रे पद्धतीचे द्रावण सौम्य आम्लाचे असते, ते मुक्त चुना असलेल्या जमिनीत मातीशीच झुंजून संपते आणि स्फुरदाचा आकडा विश्वास ठेवण्यासारखा राहत नाही. विद्यार्थिनीने हेच बोलीतून आणि उशिरा सांगितले. खोलीत बसलेल्या कोणीही ते ऐकले नाही; मी स्वतः तिथे होतो आणि माझ्या वहीत त्या प्रश्नापुढे ‘उत्तर नाही’ असे लिहिलेले आहे. हे वाक्य सापडले ते केवळ फोन तिच्या बाजूला होता म्हणून. टिपणात हा एकच प्रश्न झाला, त्यावर दोन इशारे मिळाले आणि उत्तराची प्रत ‘इशाऱ्यानंतर बरोबर’ अशी लागली. ब्रे द्रावणातल्या फ्लोराइडबद्दल ती काही बोलली नाही, परंतु ते तिला विचारलेलेच नव्हते. जे विचारले नाही त्याची उणीव टिपणात लिहू नये.

गुणवत्तेसाठी गुण देऊ नयेत, पायऱ्या ठरवाव्यात. मी पाच ठेवतो : स्वतःहून पूर्ण, स्वतःहून अर्धे, इशाऱ्यानंतर, चुकीचे किंवा काहीच नाही, आणि मध्येच थांबवले. शेवटची पायरी पुष्कळजण विसरतात. परीक्षकांनी उत्तर तोडून पुढचा प्रश्न घेतला तर राहिलेला भाग विद्यार्थिनीला येत नव्हता असे म्हणण्यास आधार नसतो. या व्हायवातल्या बावीस प्रश्नांपैकी दहा स्वतःहून पूर्ण, पाच अर्धी, तीन इशाऱ्यानंतर, तीन चुकीची आणि एक थांबवलेले असे उतरले. उत्तरापूर्वीची शांतता आणि भाषेची अडखळण यांना या पायऱ्यांत जागा देऊ नये. आपल्याकडची पुष्कळ मुले मराठीत विचार करतात आणि इंग्रजीत उत्तर द्यायला धडपडतात. तो अडथळा वेगळ्या ओळीत नोंदवावा, विषयाच्या ज्ञानात त्याची भेसळ होऊ देऊ नये.

चुकीच्या उत्तरांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा आणि चुकीचे उत्तर जसेच्या तसे लिहावे. ‘स्टॅट कच्चे’ हा शेरा ज्या प्रश्नावरून आला तो साधा होता : एरर डीएफ, म्हणजे त्रुटीचे स्वातंत्र्यांश, किती? तिने क्षणाचाही विलंब न लावता “चौदा” असे सांगितले. सात उपचार आणि तीन पुनरावृत्त्या मिळून एकवीस निरीक्षणे होतात, म्हणजे एकूण डीएफ वीस. त्यातून उपचारांचे सहा आणि पुनरावृत्त्यांचे दोन वजा केले की बारा उरतात. आता चौदा कोठून आले ते पाहावे. वीसातून फक्त सहा वजा केले की चौदाच येतात, आणि गट न पाडलेल्या, पूर्ण यादृच्छिक रचनेचे तेच बरोबर उत्तर आहे. म्हणजे तिला वजाबाकी येते, सूत्राची कल्पनाही आहे. गट पाडल्यामुळे एररमधून काय बाजूला निघते हे मात्र तिच्या मनात बसलेले नाही. ‘स्टॅट पाहा’ असे सांगितले असते तर तिने पूर्ण पुस्तक काढले असते आणि नेमके हे पान कदाचित वाचलेच नसते. टिपणात मी लिहिले, “आरबीडीत पुनरावृत्तीचे डीएफ एररमधून वजा करणे सुटले, गट कशासाठी पाडतात हे शेतातल्या उताराच्या उदाहरणाने सांगता यावे.”

उणीव लिहिताना एक बंधन पाळावे : शक्य तेथे दोन जागांचे पुरावे द्यावेत आणि एकच जागा असेल तर ‘एकदाच दिसले’ असे स्पष्ट लिहावे. डीएफचा प्रश्न एकदाच आला, म्हणून त्यापुढे तसे लिहिले आहे. उलट, पद्धतीच्या पायऱ्या येतात पण पायरीमागचे कारण येत नाही, ही उणीव दोनदा दिसली. अकराव्या मिनिटाला “लॅबमध्ये आहे म्हणून” हे उत्तर होतेच. चोविसाव्या मिनिटाला, मातीच्या अर्कात सक्रिय कोळसा का घालतात, या प्रश्नाला तिने “गाळण स्वच्छ यावं म्हणून” असे सांगितले, ते अर्धेच बरोबर आहे. सेंद्रिय पदार्थांचा रंग अर्कात उतरतो आणि पुढे स्फुरदाचा निळा रंग मोजताना आडवा येतो, म्हणून तो कोळशाने काढतात. “कोळशातच स्फुरद असलं तर कसं कळेल?” यावर ती गप्प राहिली. ब्लँक, म्हणजे माती न घालता बाकी सगळे घालून केलेला नमुना, हेच त्याचे उत्तर. गंमत नव्हे, खरोखर लक्षात घेण्याची गोष्ट ही की सातव्या मिनिटाला कृती सांगताना तिने “शेवटी ब्लँक वजा केला” असे म्हटले आहे. ती ब्लँक करते, परंतु तो कशापासून वाचवतो हे तिला जोडता आले नाही. असा धागा एकदाच ऐकून दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या खेपेस पहिल्या दहा मिनिटांकडे पुन्हा जावे लागते.

टिपण पूर्ण झाल्यावर ते लगेच देऊ नये. व्हायवात हजर नसलेल्या एका सहकाऱ्याला कोणतीही तीन उत्तरे ऐकवून त्यांची पायरी विचारावी. तीनपैकी दोन ठिकाणी मतभेद झाला तर आपल्या पायऱ्यांची व्याख्या सैल आहे असे समजावे आणि सगळी उत्तरे पुन्हा पाहावीत. टिपण प्रथम विद्यार्थिनीच्या हाती जावे, विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर नव्हे. आणि तिचे वाचून झाले की मूळ ध्वनिमुद्रण ठेवायचे की पुसायचे, हे तिला विचारून ठरवावे.

आठवड्याने तोच प्रश्न आकडे बदलून विचारायचा, ही नोंद टिपणाच्या तळाशी आधीच करून ठेवावी. सहा उपचार आणि चार पुनरावृत्त्या दिल्या की एरर डीएफ पंधरा येते. ती अठरा म्हणाली तर जुनीच चूक पुन्हा झाली असे समजावे, कारण तेविसातून फक्त पाच वजा केले की अठराच उरतात.