अनुकंपा अर्जात नाव कोणाचे? आधी वय बघा

महाराष्ट्र शासनाचा कर्मचारी सेवेत असताना वारला की वारसाला मिळणाऱ्या अनुकंपा नोकरीसाठी घाईत पत्नीचे नाव दिले जाते. पण प्रतीक्षायादीत वर्षे जातात आणि वयाची ४५ पूर्ण झाली की नाव यादीतून वगळले जाते.

समजा पत्नी ४३ वर्षांची, मुलगा १७ चा. तिच्या हाती जेमतेम दोन वर्षे. मुलगा १८ चा झाल्यावर त्याचा अर्ज करणे बहुधा शहाणपणाचे.

१. दोघांची जन्मतारीख लिहून काढा.
२. तो सज्ञान झाल्यावर ठरलेल्या मुदतीत अर्ज द्या, पोच घ्या.
३. इतर वारसांचे नाहरकत पत्र जोडा.

नोकरी गट क किंवा गट ड मधलीच मिळते. ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल, तर कुटुंब अपात्र ठरते.