नागपूरच्या बर्डी बाजारात स्वस्तात एअरपॉड्स प्रो मिळाले तर आधी पंख्याखाली बसा

डबी उघडली, आयफोनवर चित्र झळकलं, सिरियल नंबरही कंपनीच्या साइटवर खरा निघाला. तरी माल नकली असू शकतो, कारण चित्र आणि नंबर दोन्ही उचलता येतात. पैसे देण्याआधी दुकानातच हे करा:

१. दोन्ही बड कानात घालून भर वेगातल्या पंख्याखाली किंवा कूलरजवळ बसा. गाणं लावू नका. नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद करा. अस्सलमध्ये घरघर एकदम दबते. नकलीत बहुधा फरकच पडत नाही, किंवा नुसती सूं-सूं वाढते. आवाज मोजून उलटी लहर सोडणारे चांगले माइक आणि चिप स्वस्तात बसत नाहीत.

२. फोन मागच्या खिशात ठेवून, गाणं लावून दहा पावलं चाला. ब्लूटूथच्या लहरी शरीर शोषून घेतं. कमजोर अँटेना असली की एक कान तुटक वाजू लागतो.

३. सेटिंग्जमध्ये एअरपॉड्सच्या पानावर सिरियल नंबरला टॅप करत राहा. डावा, उजवा आणि डबी यांचे नंबर वेगवेगळे हवेत.

दुकानदार ‘फर्स्ट कॉपी’ म्हणाला, तर तपासायचं काही उरलंच नाही बाप्पा!

एक सांभाळा: कानात रबरी टोकं सैल बसली तर अस्सल बडही पंख्यापुढे हरतात. टोकं बदलून पुन्हा ऐका.